विक्रीचा हिशेब नीट मिळेना म्हणून करार संपवला : नाशिकच्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण

नाशिकमधलं नव्वद खुर्च्यांचं एक फॅमिली रेस्टॉरंट. मालकांनी ते बरीच वर्षं स्वतः चालवलं. हृदयाच्या दुखण्यानंतर रोज गल्ल्यावर बसणं झेपेना, तेव्हा एप्रिल 2023 पासून पाच वर्षांसाठी एका चालकाला चालवायला दिलं. दीड वर्षानं, ऑक्टोबर 2024 मध्ये, ते आणि त्यांची मुलगी सहा महिन्यांची विक्रीपत्रकं घेऊन माझ्याकडे आले. मी व्यवसायानं सीए आहे. पुढच्या पाच महिन्यांत जे घडलं ते इथे क्रमानं मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

आधी करार. तो नावाप्रमाणेच व्यवस्थापनाचा करार होता. जागा मालकांची, नाव मालकांचं, अन्न परवाना आणि जीएसटी नोंदणीही त्यांच्याच फर्मच्या नावावर. चालकानं माणसं ठेवायची, माल आणायचा, रेस्टॉरंट चालवायचं. सगळी विक्री मालकांच्या फर्मच्या चालू खात्यात जमा व्हायची, त्यातून खर्च भागायचे. मालकांना दरमहा 1,80,000 रुपये किंवा निव्वळ विक्रीच्या 12 टक्के, यातलं जे जास्त असेल ते मिळायचं. उरलेला नफा चालकाचा मोबदला. चालकानं 10 लाख रुपये अनामत दिली होती. पहिली तीन वर्षं लॉक-इन होतं, म्हणजे मार्च 2026 पर्यंत कराराचा भंग झाल्याशिवाय कुणालाच बाहेर पडता येणार नव्हतं.

हॉटेल धंद्यात असे करार सर्रास होतात. त्यात मालक बहुतेक वेळा किमान रकमेकडे बघतो आणि टक्केवारीला बोनस समजतो. इथे तसं समजणं महागात पडणारं होतं, कारण जीएसटी नोंदणी मालकांची होती. विक्री कमी दाखवली गेली तर हिस्सा बुडेल तो बुडेल, पण कर चुकवल्याची नोटीससुद्धा मालकांच्याच नावानं येणार. चालक त्या कागदावर कुठेच नसतो.

अहवालाचं कलम चांगलं लिहिलेलं होतं. रोजच्या विक्रीचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत. महिन्याचं पत्रक पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि त्यासोबत चार गोष्टी : बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली बिलवार यादी, रद्द केलेल्या आणि फुकट दिलेल्या बिलांची यादी, रोख-कार्ड-यूपीआय-अ‍ॅप अशी फोड, आणि ती फोड बँकेशी जुळवून दाखवणारा ताळा. शिवाय मालकांना सॉफ्टवेअरचं फक्त पाहण्यापुरतं लॉगिन, आणि सात दिवसांची सूचना देऊन हिशेब तपासायचा हक्क. तपासणीत विक्री 3 टक्क्यांहून जास्त कमी दाखवलेली आढळली तर तपासणीचा खर्च चालकाचा.

पहिलं वर्ष हे सगळं मिळत होतं. मार्च 2024 मध्ये चालकानं बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं, नवं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि मालकांचं लॉगिन बंद पडलं. एप्रिलपासून येऊ लागलं ते एका पानाचं एक्सेल : डावीकडे तारीख, उजवीकडे एक आकडा, खाली बेरीज. बिलांची यादी नाही, रद्द बिलांची नाही, फोड नाही. आकडेही बहुतेक शंभरात पूर्ण केलेले. ज्या गल्ल्यावर पाच टक्के कर लावलेली बिलं फाटतात, तिथली दिवसाची विक्री रोज 37,500 किंवा 41,200 अशी गोल कधीच येत नाही. हे पत्रक सॉफ्टवेअरमधून निघालेलं नव्हतं, कुणीतरी हातानं भरलेलं होतं, एवढं तरी पहिल्याच नजरेत कळत होतं.

पत्रक येण्याची तारीखही घसरत गेली. ऑगस्टचं पत्रक 24 सप्टेंबरला आलं, तोवर जीएसटीआर-3बी हे मासिक विवरण भरायची 20 तारीख उलटून गेली होती. मालकांनी विलंब शुल्क भरलं. सप्टेंबरचं आलं 19 ऑक्टोबरला, म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

सहा पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. एप्रिल ते सप्टेंबरची निव्वळ विक्री लाखांत अशी होती : 14.62, 14.38, 13.95, 14.71, 14.20, 14.55. आता किमान रकमेचा हिशेब करा. 1,80,000 हे 12 टक्के होतात 15 लाखांचे. विक्री 15 लाखांच्या वर गेली की मालकांचा हिस्सा वाढू लागतो, खाली राहिली की चालकाला काहीच जास्त द्यावं लागत नाही. उन्हाळ्याची सुट्टी, श्रावण, गणपती, पितृपक्ष असे चढउतार असलेल्या सहा महिन्यांत एकही महिना ती रेषा ओलांडत नाही आणि एकही फार खाली जात नाही. त्याआधीच्या वर्षी, बिलवार याद्या मिळत होत्या तेव्हा, विक्री 13 पासून 18 लाखांपर्यंत हलत होती. किमान हमी आणि टक्केवारी असलेल्या कुठल्याही करारात मी सर्वात आधी हेच बघते : दाखवलेली विक्री त्या उंबरठ्याच्या आतच घुटमळते आहे का.

मालक, म्हणजे आमचे काका, तोवर तापले होते. “मॅडम, तो चोर आहे हे मला कळलंय. आता पुरावा कसा आणायचा तेवढं सांगा.”

या प्रकरणाला वळण मिळालं ते या प्रश्नाच्या उत्तरानं. मी त्यांना म्हटलं, काका, तो चोर आहे हे सिद्ध करायची आपल्याला गरज नाही. करारानं त्याला हिशेब द्यायला सांगितलंय आणि तो देत नाही, हे सिद्ध करायला आपल्या हातातले सहा कागद पुरेसे आहेत. चोरी सिद्ध करायला लागणारा पुरावा मात्र त्याच्या संगणकात आहे.

तरीही दोन पडताळण्या केल्या, त्या संशयाला आधार आहे की नाही हे बघण्यापुरत्या. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नुसतं वाटतंय, यातला फरक नोटीस लिहिण्याआधी स्पष्ट असावा लागतो.

पहिली पडताळणी बिलांच्या नंबरांची. काकांची भाची मंगळवारी 22 ऑक्टोबरला दुपारी एकच्या सुमाराला तिथे जेवली, आणि शुक्रवारी 25 ला साधारण त्याच वेळी तिचा भाऊ. दोघांनी बिलं जपून ठेवली. पहिल्याचा नंबर 2318, दुसऱ्याचा 2585. म्हणजे दुपार ते दुपार अशा तीन दिवसांत 267 बिलं फाटली होती, अ‍ॅपच्या ऑर्डरी वेगळ्या. त्या तीन दिवसांच्या बसून खाणाऱ्यांच्या आणि पार्सलच्या विक्रीचे आकडे काकांनी फोनवर मागून घेतले, ते मिळून 1,12,600 रुपये होते. म्हणजे एका बिलाची सरासरी 422. आदल्या वर्षीच्या याद्यांमध्ये ती 520 होती. दर वाढलेले असताना सरासरी बिल शंभर रुपयांनी उतरावं, हे पटण्यासारखं नाही. 520 धरले तर तीन दिवसांची विक्री 1,38,840 होते. पण हा अंदाज आहे. मधली काही बिलं खरोखर रद्द झालेली असू शकतात, पार्सलची छोटी बिलं वाढलेली असू शकतात.

याच जेवणात आणखी एक गोष्ट दिसली. भाचीनं गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन केला तेव्हा मोबाइलवर काकांच्या फर्मचं नाव न येता चालकाच्या घरच्या माणसाचं नाव आलं. तिनं पैसे देण्याआधी त्या स्क्रीनचा फोटो काढला. सगळी विक्री फर्मच्या खात्यात जमा व्हावी, या अटीचा हा सरळ भंग होता, आणि तो अंदाज नव्हता.

दुसरी पडताळणी अ‍ॅपवरच्या विक्रीची. अन्न पोचवणाऱ्या अ‍ॅप कंपन्या रेस्टॉरंटला पैसे देताना तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 194-ओ खाली टीडीएस कापत होत्या. 30 सप्टेंबर 2024 पर्यंत हा दर 1 टक्का होता, 1 ऑक्टोबरपासून तो 0.1 टक्का झाला. कपात व्हायची ती ग्राहकानं मागवलेल्या एकूण विक्रीवर, कंपनीचं कमिशन वजा होण्याच्या आधी. अ‍ॅपवर पॅन मालकांचा असल्यानं ही नोंद त्यांच्या 26एएस या आयकराच्या पत्रकात येत होती. चालकाला ती अडवता येत नाही. मात्र ती तिमाही संपल्यावर, कंपनीनं विवरण भरल्यानंतरच दिसते. एप्रिल ते जूनचा टीडीएस होता सुमारे 12,400 रुपये, म्हणजे विक्री 12.4 लाख. काकांनी विचारल्यावर चालकानं त्याच तिमाहीचा अ‍ॅपचा आकडा सांगितला होता 9.1 लाख.

फरक 3.3 लाखांचा, महिन्याला 1.1 लाख. काकांना हा हुकमी पुरावा वाटला. मला तसं वाटलं नाही. 9.1 लाख ही कमिशन वजा जाऊन बँकेत आलेली रक्कम होती. करारात ‘निव्वळ विक्री’ म्हणजे जीएसटी आणि सवलत वजा जाता बिलाची रक्कम, असं लिहिलं होतं. अ‍ॅपच्या कमिशनबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या मते कमिशन हा खर्च आहे आणि विक्री एकूण रकमेवरच धरली पाहिजे. पण उलट बाजूनं वाद घालायला जागा आहे, आणि जिथे अर्थाबद्दलच वाद आहे तिथे कमी आकडा दाखवणाऱ्याला खोटारडा म्हणता येत नाही. अ‍ॅपची फोड न देणं मात्र वादातीत भंग होता. ती दिली असती तर हा प्रश्न एप्रिलमध्येच सुटला असता.

मग वकिलांबरोबर बैठक झाली, आणि त्यांनी आमच्या बाजूचं दुखणं दाखवलं. काकांनी सहा महिने अपुरी पत्रकं निमूट घेतली होती, दरमहा 1,80,000 जमा होऊ दिले होते, एकदाही लेखी हरकत घेतली नव्हती. भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे ज्याला काही मिळायचं आहे तो स्वतः होऊन सूट देऊ शकतो, मुदत वाढवू शकतो. चालक म्हणणार, तुम्हीच ही पद्धत मान्य केली होती. जुन्या सहा महिन्यांच्या जोरावर थेट करार संपवला आणि लवादानं ते चुकीचं ठरवलं, तर लॉक-इनची उरलेली सव्वा वर्षाहून अधिक मुदत आणि तेवढ्या काळाचा नफा भरपाई म्हणून मागितला गेला असता.

म्हणून 4 नोव्हेंबरला गेलं ते पहिलं पत्र करार संपवणारं नव्हतंच. त्यात आरोप नव्हता, चोरी हा शब्द नव्हता. त्यात तीन गोष्टी होत्या. यापुढे अहवालाच्या तारखा आणि तपशील कराराप्रमाणे काटेकोर पाळले जातील, आजवर दिलेली ढील इथून पुढे नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या प्रत्येक महिन्यासमोर काय मिळालं आणि काय नाही, याचा तक्ता. आणि कराराच्या कलमाप्रमाणे 30 दिवसांत काय काय दुरुस्त करायचं याची यादी : बिलवार यादी, रद्द बिलांची यादी, फोड, बँकेचा ताळा, लॉगिन, आणि गल्ल्यावर फर्मचा क्यूआर. शेवटी एक ओळ : दरम्यान स्वीकारलेली कोणतीही रक्कम हक्क सोडल्याची समजू नये. पत्र रजिस्टर एडीनं आणि करारात दिलेल्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं सोपं होतं, पण सूचना कशी द्यायची याचं करारात वेगळं कलम होतं आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे. सॉफ्टवेअर बदललं, डेटा उडाला, पुढच्या महिन्यापासून व्यवस्थित देतो. काका म्हणाले, आता काय करणार, डेटाच नाही. पण हे उत्तर चालकाच्या विरोधात जाणारं होतं. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. फर्मची बिलं गेली असतील तर तो आणखी एक भंग. शिवाय सॉफ्टवेअर मार्चमध्ये बदललं होतं, मागितलेली बिलं एप्रिलनंतरची, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरमधली. ती क्लाउडवर, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. गल्ल्यावरचा संगणक जळला तरी राहतात. कंपनीला विचारलं तर त्यांनी रास्त उत्तर दिलं : खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या संमतीशिवाय देता येणार नाही.

ऑक्टोबरचं पत्रक 7 नोव्हेंबरला यायला हवं होतं, 13 ला आलं, पुन्हा एक पान. मग तपासणीची सात दिवसांची सूचना देऊन 27 नोव्हेंबरला मी आणि माझी सहकारी रेस्टॉरंटवर गेलो. चालक अदबीनं वागला, चहा दिला, सॉफ्टवेअर मात्र उघडू दिलं नाही. काही दिवसांच्या डे-एंडचे, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करताना निघणारे, छापील कागद पुढे ठेवले. त्यांतले लागोपाठच्या दिवसांचे कागद लावून पाहिले, तर एका रात्रीचा शेवटचा बिल नंबर आणि दुसऱ्या सकाळचा पहिला नंबर यांत एका ठिकाणी 31 ची उडी होती, दुसऱ्या ठिकाणी 44 ची. ही बिलं कुठे आहेत असं विचारल्यावर तो म्हणाला, “रद्द झाली असतील, पोरं चुकतात.” मी रद्द बिलांची यादी मागितली. ती त्याला छापता येईना. तिथेच बसून दोन पानी टिपण लिहिलं : काय मागितलं, काय दिलं, काय नाकारलं, नंबरांच्या उड्या कुठे. सहीसाठी त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं सही केली नाही, तेही वेळ टाकून नोंदवलं आणि त्याच संध्याकाळी टिपण त्याला ईमेल केलं. पुढे सर्वात जास्त उपयोग या टिपणाचा झाला, कारण त्याला त्यानं कधीच लेखी उत्तर दिलं नाही.

नोव्हेंबरचं पत्रक 10 डिसेंबरला आलं. या वेळी रोख आणि यूपीआय अशी फोड होती, बिलवार यादी तरीही नाही. दुरुस्तीची मुदत संपली होती. 13 डिसेंबरला करार संपवण्याची 30 दिवसांची नोटीस गेली, 16 ला पोचली.

नोटिशीची रचना वकिलांनी विचारपूर्वक केली होती. कराराप्रमाणे दोन वाटा होत्या. एक : लेखी सूचनेनंतर 30 दिवसांत दुरुस्त न झालेला भंग. दुसरी : बारा महिन्यांत तीन वेळा अहवाल उशिरा किंवा अपुरा आल्यास दुरुस्तीची संधी न देता समाप्ती. दुसरी वाट ऐकायला भक्कम, पण तिसरा भंग मोजायला आम्हाला ढील दिलेल्या महिन्यांत जावं लागलं असतं. म्हणून पहिली वाट मुख्य ठेवली आणि दुसरी पर्यायी म्हणून लिहिली. शिवाय करार कायद्याचं कलम 213 : मागितल्यावर योग्य हिशेब देणं हे प्रतिनिधीचं कर्तव्य आहे. करार व्यवस्थापनाचा आणि विक्री मालकांची, म्हणून ते इथे लागू पडत होतं. विक्री चालकाची आणि मालकांना नुसता ठरावीक मोबदला अशी रचना असती, तर हा आधार डळमळीत झाला असता.

विक्री किती लपवली, याचा आकडा नोटिशीत कुठेही दिला नाही. काकांची मुलगी यावर नाराज होती. तिला पोलीस तक्रार हवी होती, विश्वासघाताचा गुन्हा. तिचा राग मला समजत होता. वडिलांच्या आजारपणाचा फायदा घेतला गेला, असं तिला वाटत होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण 267 बिलांवर बांधलेल्या अंदाजानं गुन्हा उभा राहत नाही, आणि एकदा आकडा लिहिला की प्रकरणाची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. तो थोडा जरी चुकला तरी समोरचा म्हणतो, बघा, नोटीसच खोटी. हिशेब मिळाल्यावर रकमेचा दावा करण्याचा हक्क राखून ठेवला, एवढंच लिहिलं.

काकांना आणखी एका गोष्टीपासून थांबवावं लागलं. नोटिशीची मुदत संपली की रात्री जाऊन कुलूप बदलायचं, असं त्यांच्या एका मित्रानं सुचवलं होतं. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेला, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो, आणि त्यात मालकी कुणाची हा प्रश्न बाजूलाच राहतो. गोव्यातून गेलेल्या मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं आहे की काळजीवाहू किंवा नोकर कितीही वर्षं जागेत राहिला तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही. त्याचा ताबा मालकाच्याच वतीनं असतो. हा निकाल आमच्या बाजूचा होता. पण तो न्यायालयापुढे वापरायचा असतो. कुलूप बदलल्यावर सगळं लक्ष कुलपाकडेच गेलं असतं.

24 डिसेंबरला चालकाची उलट नोटीस आली : समाप्ती बेकायदा, अनामत परत द्या, सजावटीवर केलेला खर्च द्या, लॉक-इनचा नफा द्या. करारात लवादाचं कलम होतं, जागा नाशिक. आम्ही लवाद सुरू करण्याची सूचना दिली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अंतरिम आदेशासाठी अर्ज केला. व्यवस्थापनाचे करार 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्यात नावानिशी येतात, म्हणून अर्ज त्या न्यायालयापुढे गेला. ताबा लगेच द्या, असं आम्ही मागितलंच नाही. मागितलं ते असं : बिलिंगचा डेटा जसा आहे तसा जपावा, कोर्ट कमिशनरच्या देखरेखीखाली त्याची प्रत काढावी, आणि तोवरची सगळी विक्री फर्मच्या खात्यात जमा व्हावी.

ही मागणी नाकारणं चालकाला अवघड होतं. हिशेब खरा असेल तर डेटा दाखवायला हरकत काय, या प्रश्नावर त्याच्या वकिलांनी वेळ मागितला आणि दुसऱ्या तारखेला संमती दिली. कमिशनर, विक्रेत्या कंपनीचा तंत्रज्ञ आणि दोन्ही बाजूंची माणसं यांच्यासमोर एप्रिल ते डिसेंबरची बिलवार यादी उतरवली गेली. उडालेला डेटा होता तिथेच होता.

त्यातून निघालेलं चित्र असं : महिन्याची खरी निव्वळ विक्री सरासरी 17.3 लाख. दाखवलेली सरासरी 14.4 लाख. मधल्या 2.9 लाखांतले 1.1 लाख अ‍ॅपच्या कमिशनचे, म्हणजे व्याख्येच्या वादातले. उरलेले 1.8 लाख बसून खाणाऱ्यांचे आणि पार्सलचे, आणि त्यातला मोठा भाग छापल्यानंतर रद्द केलेल्या बिलांचा. रद्द केल्याची वेळ पाहिली तर बहुतेक रात्री पावणेअकरा ते साडेअकरा, डे-एंडच्या तोंडावर, आणि भरणा जवळपास सगळा रोख. चालकाचं म्हणणं शेवटपर्यंत कर्मचाऱ्यांच्या चुका असंच राहिलं. त्यावर कुठल्याही न्यायालयानं निकाल दिलेला नाही, म्हणून मीही देत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आमच्या तीन दिवसांच्या नमुन्यावरून बसून खाणाऱ्यांची आणि पार्सलची विक्री महिन्याला 13.9 लाख निघत होती. प्रत्यक्षात ती सुमारे 13.2 लाख निघाली, कारण सरासरी बिल खरोखरच थोडं उतरलं होतं. नोटिशीत 13.9 लिहिलं असतं, तर चालकाच्या वकिलांना धरायला हवा तो धागा मिळाला असता.

डेटा हाती आल्यावर तडजोड व्हायला वेळ लागला नाही. 17.3 लाखांचे 12 टक्के म्हणजे 2,07,600, मिळालेले 1,80,000. महिन्याला 27,600 कमी, नऊ महिन्यांचे 2,48,400. न दाखवलेल्या विक्रीवरचा 5 टक्के जीएसटी 81,000, त्यावरचं व्याज सुमारे 7,000. तपासणीचा खर्च 60,000, कारण तूट 3 टक्क्यांच्या कितीतरी वर होती. एकूण 3,96,400. अ‍ॅपच्या कमिशनच्या वादात दोन्ही बाजूंनी निम्मं सोडायचं ठरलं, तिथे 59,400 कमी झाले. अनामतीतून 3,37,000 वजा करून उरलेले 6,63,000 चालकाला दोन हप्त्यांत परत द्यायचे, त्यानं लॉक-इनचा आणि सजावटीचा दावा सोडायचा, मालकांनी पुढे तक्रार करायची नाही.

काकांना संपूर्ण अनामत जप्त करायची होती आणि करारात तसं लिहिलेलंही होतं. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई. नुकसान मोजता येत असताना त्याच्या अडीचपट रक्कम ठेवून घेतली असती, तर तो वाद आणखी दोन-तीन वर्षं चालला असता, आणि तेवढा काळ रेस्टॉरंट कुणाच्या हातात असतं हाही प्रश्नच होता.

ताबा 31 जानेवारी 2025 ला मिळाला. यादी करून घेतली : भांडी, फ्रीजर, भरलेली आणि रिकामी सिलिंडरं, वीज मीटरचं रीडिंग, पुरवठादारांची देणी, कर्मचाऱ्यांचा जानेवारीचा पगार कोण देणार. अ‍ॅपवरचं बँक खातं त्याच दिवशी बदलायला दिलं. अन्न परवाना आणि पॅन काकांचा असल्यानं त्याला चालकाची सही लागली नाही. गल्ल्यावर फर्मचा क्यूआर लागला. राहिलेला जीएसटी आणि व्याज आम्ही विभागाची नोटीस येण्याआधी स्वतः होऊन डीआरसी-03 या फॉर्मनं भरला.

एप्रिलपासून नवा चालक आला. त्याच्या करारात निव्वळ विक्रीच्या व्याख्येत ‘अ‍ॅपचं कमिशन वजा न करता’ हे शब्द घातले, रद्द बिलासाठी व्यवस्थापकाचा पासवर्ड आणि कारण बंधनकारक केलं, आणि बिलिंगचं खातं फर्मच्या ईमेलवर उघडलं. चालकाला त्यात काम करण्यापुरता प्रवेश आहे. काकांची मुलगी आता रोज सकाळी डे-एंड स्वतः उघडून बघते.